एकाच साइटवर रडका चेहरा येतो तेव्हा: ‘Out of Memory’ कोड वाचायचा कसा आणि पुढे काय करायचं

क्रोममध्ये बाकी सगळ्या साइट नीट चालतात, फक्त एकच टॅब पडतो. पान जातं, रडका चेहरा येतो आणि खाली बारीक अक्षरात `Error code: Out of Memory` असं लिहिलेलं असतं. नाशिक आणि दिंडोरी भागातल्या पॅकहाउसचे आणि लहान ऑफिसांचे संगणक मी सांभाळतो. या एका ओळीचा अर्थ लोक हमखास ‘रॅम कमी पडली’ असा घेतात, म्हणून कोणी रॅम विकत आणतो, कोणी कॅशे साफ करतो, कोणी ब्राउझर काढून पुन्हा टाकतो. टॅब मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा पडतोच.

चूक एकाच ठिकाणी होते. हा कोड सांगतो की टॅबने आणखी मेमरी मागितली आणि ती मिळाली नाही. ती कोणी नाकारली, हे कोड सांगत नाही. नाकारणारे दोघे असू शकतात. पहिला ब्राउझर स्वतः, कारण एका पानाच्या जावास्क्रिप्टला किती मेमरी द्यायची याची त्याची मर्यादा ठरलेली असते. दुसरा तुमचा संगणक, म्हणजे विंडोज. नाकारणारा वेगळा असला की उपायही वेगळा होतो, म्हणून खालचे सगळे टप्पे आधी हे शोधण्यासाठीच आहेत. इथली माहिती विंडोजवरच्या क्रोमसाठी आहे. वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

## सुरू करण्याआधी

रडका चेहरा दिसला की हात लगेच `Reload` कडे जातो. तो थांबवा. आधी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढा आणि तीन गोष्टी कागदावर लिहा: किती वाजता पडला, टॅब किती वाजता उघडला होता आणि पडताना त्यात काय चाललं होतं. यातली दुसरी वेळ सगळ्यात मोलाची असते आणि नेमकी तीच कोणी लिहून ठेवत नाही.

सावधान: अर्धवट भरलेला फॉर्म त्या टॅबमध्ये होता तर तो बहुतेक गेलाच समजा. काही साइट मसुदा आपोआप साठवतात, पण त्यावर विसंबू नका. कारण सापडेपर्यंत लांबलचक मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहा आणि मग तिथून चिकटवा.

मोजून होईपर्यंत दुसरे टॅब बंद करू नका, संगणक रिस्टार्ट करू नका. रिस्टार्ट केलं की तासाभरासाठी सगळं ठीक दिसतं आणि पुरावा पुसला जातो.

## टप्पा १: कोड नेमका वाचा

रडका चेहरा सगळ्या बिघाडांना सारखाच असतो. फरक फक्त शेवटच्या ओळीत असतो.

`Out of Memory` असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. `STATUS_ACCESS_VIOLATION` म्हणजे प्रोग्रॅमने जिथे हात लावायला नको तिथे लावला. ती मेमरीची टंचाई नव्हे. तिथे एक्स्टेन्शन, ब्राउझरमध्ये घुसणारं अँटिव्हायरस किंवा खराब झालेली रॅमची पट्टी तपासायची असते. नावात मेमरी नसूनही लोक याच कोडवर रॅम वाढवतात. `RESULT_CODE_HUNG` म्हणजे पान अडकून बसलं आणि बंद केलं गेलं.

`STATUS_BREAKPOINT` जरा फसवा आहे. ब्राउझरच्या आतली एखादी तपासणी फसली आणि त्याने स्वतःहून काम थांबवलं, एवढाच त्याचा अर्थ. ती तपासणी मेमरी न मिळाल्यामुळे फसलेली असू शकते किंवा दुसऱ्याच कारणाने. हा कोड आला तरी टप्पा ३ मधलं मोजमाप करून पाहा.

मॅक आणि लिनक्सवर तोच प्रकार वेगळ्या नावाने दिसतो. तिथे मेमरी संपल्यावर `SIGTRAP` किंवा नुसता `5` हा आकडा येऊ शकतो. लिनक्सवर `SIGKILL` किंवा `9` दिसला तर टॅबला बाहेरून मारलं गेलं आहे, आणि बहुधा मेमरी संपत आल्याने खुद्द कर्नलनेच मारलं आहे. खात्री अशी करा:

```
journalctl -k | grep -i "out of memory"
```

या यादीत क्रोमचं नाव निघालं तर नाकारणारा संगणक होता, हे तिथेच सिद्ध होतं.

तपासा: दोन-तीन वेळा टॅब पडला तर प्रत्येक वेळी तोच कोड येतो का? दर वेळी वेगळा कोड येत असेल आणि दुसऱ्या साइटही अधूनमधून पडत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि रॅमची पट्टी तपासा. विंडोजमध्ये त्यासाठी `mdsched.exe` आहे.

## टप्पा २: दोष साइटचा की तुमच्या ब्राउझरचा

`Ctrl+Shift+N` दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि तीच साइट तिथे चालवा. इन्कॉग्निटोमध्ये एक्स्टेन्शन मुळात बंद असतात. पण एखाद्याला तुम्ही पूर्वी परवानगी दिली असेल तर ते तिथेही चालतं, म्हणून `chrome://extensions` मध्ये एकदा बघून घ्या. जाहिराती अडवणारी, भाषांतर करणारी, पान रंगवणारी एक्स्टेन्शन पानाच्या आतच काम करतात आणि त्यांची मेमरी त्या टॅबच्या हिशेबात जाऊ शकते.

इन्कॉग्निटोमध्ये टॅब पडला नाही, तर नेहमीच्या खिडकीत एकेक एक्स्टेन्शन बंद करत जा. सगळी एकदम बंद केली तर दोषी कोण ते कळत नाही.

नेहमीची चूक: ‘एजमध्येही पडतं, म्हणजे संगणकच खराब.’ एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे आतून क्रोमच्याच गाभ्यावर चालतात, त्यामुळे त्यांच्या मर्यादाही सारख्याच असतात. वेगळ्या गाभ्यावर पडताळायचं असेल तर फायरफॉक्स घ्या.

याच टप्प्यात `chrome://version` उघडून पहिल्या ओळीत `64-bit` आहे का ते पाहा. जुन्या संगणकांवर अजूनही ३२-बिट क्रोम सापडतो. त्याला संगणकात कितीही रॅम असली तरी एका टॅबमध्ये फार थोडीच वापरता येते. विंडोज ६४-बिट असेल तर ६४-बिट क्रोम टाका आणि मगच पुढे जा.

## टप्पा ३: मोजा

हा टप्पा लोक गाळतात, आणि सगळं उत्तर इथेच असतं. एक उदाहरण तपशिलात सांगतो.

दिंडोरी रस्त्यावर द्राक्षांचं एक पॅकहाउस आहे. शीतगृहातल्या सेन्सरचं तापमान दाखवणारी एक साइट तिथल्या पर्यवेक्षक ताई सकाळी ८ वाजता उघडतात आणि ती दिवसभर चालू असते. पानावर एक आलेख असतो, त्यात दर काही सेकंदांनी नवा ठिपका पडत राहतो. फेब्रुवारीत हंगाम ऐन भरात असताना त्यांचा फोन आला. “सर, रोज संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला तो रडका चेहरा येतो. बाकी मेल, बिलं सगळं चालतं.” मालकांनी तोवर आणखी ८ जीबी रॅमचा भाव काढून ठेवला होता.

मी त्यांना सांगितलं, “ताई, रॅम आज आणू नका. उद्या दर तासाला फक्त एक आकडा लिहून ठेवा.”

आकडा असा मिळतो. क्रोममध्ये `Shift+Esc` दाबा म्हणजे क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. हा विंडोजच्या टास्क मॅनेजरपेक्षा वेगळा आहे आणि प्रत्येक टॅबचा हिशेब वेगळा दाखवतो. वरच्या शीर्षकांच्या पट्टीवर राइट-क्लिक करून `JavaScript memory` हा रकाना चालू करा. त्यात दोन आकडे दिसतात, एक एकूण आणि त्याच्या शेजारी `live` लिहिलेला. `live` म्हणजे खरोखर वापरात असलेली मेमरी, तोच लिहा. आकडा के मध्ये असतो, १०२४ ने भागलं की एमबी मिळतात.

एक बारकावा. एका ओळीवर क्लिक केल्यावर आणखी ओळी सोबत रंगल्या, तर ते टॅब एकाच प्रक्रियेत आहेत आणि एकाच ताटात जेवताहेत. एकाच साइटचे टॅब एकमेकांतून उघडले की असं होतं. मग तुमच्या पुढ्यातला टॅब निरपराध असू शकतो. मेमरी शेजारच्याने खाल्लेली असते, पण पडतात मात्र दोघेही.

ताईंच्या नोंदी अशा होत्या:

- सकाळी ९: ३४० एमबी
- १०: ५४० एमबी
- ११: ७३५ एमबी
- दुपारी १२: ९४० एमबी

म्हणजे दर तासाला सुमारे २०० एमबीची भर, आणि एकदाही घट नाही. आता वरची मर्यादा किती ते हवं. त्याच टॅबवर `Ctrl+Shift+J` दाबून कन्सोल उघडा आणि ही ओळ हाताने टाइप करा:

```
performance.memory.jsHeapSizeLimit / 1048576
```

उत्तर एमबीमध्ये येतं. त्या ८ जीबीच्या संगणकावर ते २०७२ आलं. १६ जीबीच्या संगणकांवर मला ४०९६ च्या जवळचा आकडा दिसला आहे. तुमचा किती आहे ते तुमच्याच टॅबवर पाहा, ऐकीव आकडा घेऊ नका.

हिशेब सरळ आहे. २०७२ मधून ९४० गेले, उरले ११३२. तासाला २०० या वेगाने ते साडेपाच तासांहून थोडा जास्त वेळ पुरतात. दुपारी १२ पासून मोजलं तर संध्याकाळी ५:४० येतात. ताईंनी फोनवर सांगितलेली वेळ हीच होती.

तपासा: तोच क्षण विंडोजच्या बाजूनेही बघायचा असतो. `Ctrl+Shift+Esc` दाबा, `Performance` मध्ये `Memory` निवडा आणि `Committed` या शब्दाखालची जोडी वाचा. लोक वरचा रॅमचा टक्का बघून घाबरतात. रॅम ८५ टक्के भरलेली दिसणं ही रोजची गोष्ट आहे. नकार कधी मिळणार हे `Committed` ठरवतं. त्यातला दुसरा आकडा म्हणजे रॅम आणि पेज फाइल, म्हणजे रॅमच्या जोडीला विंडोज डिस्कवर राखून ठेवतं ती जागा, यांची बेरीज. पहिला आकडा दुसऱ्याला टेकला की विंडोज कोणालाही आणखी मेमरी देत नाही, रॅममध्ये थोडी जागा दिसत असली तरीही. पॅकहाउसच्या संगणकावर दुपारी `6.9/14.2 GB` होतं. विंडोजकडे देण्यासारखं भरपूर होतं.

## टप्पा ४: नाकारलं कोणी, ते ठरवा

तुमच्या नोंदी बहुतेक वेळा यातल्या एका रूपात बसतात.

चढत जाणारा आकडा, `Committed` मोकळं. पान जुनं काही सोडत नाही, नवं साठवत राहतं आणि ब्राउझरच्या मर्यादेला धडकतं. यालाच मेमरीची गळती म्हणतात. दोष साइटचा. पॅकहाउसचं प्रकरण हेच. आणखी एक खूण सांगतो: कन्सोल उघडा ठेवून वाट पाहिली तर मर्यादेच्या अगदी जवळ क्रोम पानाला थांबवतो आणि `Paused before potential out-of-memory crash` असं लिहितो. ही ओळ दिसली की शंका उरत नाही.

टॅबचा आकडा मध्यम, पण `Committed` काठोकाठ. संगणकानेच नाकारलं. तो एकच टॅब पडतो याचं कारण एवढंच, की त्या वेळी सगळ्यात मोठी मागणी तोच करत असतो. मागच्या वर्षी कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात दुसरा आकडा जेमतेम ७.८ होता, म्हणजे रॅमइतकाच. संगणक वेगवान करण्याच्या नावाखाली कोणीतरी पेज फाइल बंद करून ठेवली होती.

उघडताक्षणी किंवा एकाच क्लिकवर पडतो. इथे गळती नसते. वर्षभराचा अहवाल, हजारो ओळींची शीट, प्रचंड मोठा नकाशा असं काहीतरी एका दमात मागितलं गेलेलं असतं.

## टप्पा ५: त्या त्या कारणाचा उपाय

### दोष साइटचा असेल तर

गळती तुम्ही दुरुस्त करू शकत नाही, ती साइट बनवणाराच करू शकतो. तोवर टॅब पडू न देणं तुमच्या हातात आहे. मोजलेल्या वेळेच्या निम्म्यावर टॅब स्वतःहून ताजा करा. ताई आता दुपारी १ वाजता `F5` दाबतात. दाबल्यावर `Shift+Esc` मध्ये आकडा खरंच खाली आला का ते पाहा. शेजारचा टॅब त्याच प्रक्रियेत असेल तर तो पुरेसा खाली येणार नाही. मग ते सगळे टॅब बंद करून नव्याने उघडा.

दुसरं, पानावर कमी मागा. त्या आलेखावर `आजचा दिवस` ऐवजी `मागचा एक तास` असा पर्याय होता. तो निवडल्यावर तीन तासांच्या नोंदी १५०, १५६ आणि १५४ एमबी आल्या. चढ थांबला, त्यामुळे ठिपके साठत राहणं हेच कारण होतं हेही कळलं.

रॅम वाढवली असती तर? मर्यादा ४०९६ च्या आसपास गेली असती आणि त्याच वेगाने टॅब पहाटे पावणेचारला पडला असता. शीतगृह चालू आणि पडद्यासमोर कोणी नाही, अशी ती वेळ. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. पडलेला टॅब सूचना देत नाही. तापमान चढलं तर आवाज करण्याचं काम कोणत्याही टॅबवर सोपवू नका. उपकरणातूनच थेट एसएमएस किंवा भोंगा लावून घ्या. तिथे ते त्याच आठवड्यात केलं.

साइटवाल्यांना कळवताना ‘तुमची साइट बंद पडते’ एवढंच लिहिलं तर उत्तर येतं ‘कॅशे साफ करा’. कॅशे डिस्कवर असतो. तो पुसल्याने पान मेमरी धरून ठेवायचं थांबत नाही, उलट कुकीही पुसल्या तर सगळीकडे पुन्हा लॉग-इन करावं लागतं. तक्रारीत क्रोमची आवृत्ती, टॅब उघडल्याची वेळ, दर तासाचे `live` आकडे, मर्यादा आणि कोडचा फोटो द्या. त्यांनी हीप स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी पानाने मेमरीत काय काय धरलंय त्याची नोंद, मागितला तर `F12` मधल्या `Memory` टॅबवरून एक सुरुवातीला आणि एक तासाभराने घ्या. दोन्हींची तुलना केल्यावर काय साठतंय ते त्यांना दिसतं.

सावधान: स्नॅपशॉट घेतानाही मेमरी लागते. टॅब मर्यादेजवळ असताना घेतला तर तो तिथेच पडतो. शिवाय पानावरचा मजकूर आणि लॉग-इनच्या खुणा त्या फाइलमध्ये येऊ शकतात, म्हणून ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, थेट बनवणाऱ्यालाच द्या.

### संगणकाने नाकारलं असेल तर

१. `Win+R` दाबा, `sysdm.cpl` लिहा आणि एंटर दाबा.

२. `Advanced` मध्ये `Performance` च्या चौकटीतलं `Settings` दाबा. पुन्हा `Advanced`, मग `Virtual memory` खालचं `Change`.

३. `Automatically manage paging file size for all drives` वर खूण करा. `OK` म्हणत बाहेर या आणि रिस्टार्ट करा.

४. रिस्टार्टनंतर `Committed` मधला दुसरा आकडा रॅमपेक्षा मोठा झाला का ते पाहा. झाला नसेल तर सी ड्राइव्हवर जागा उरली आहे का तपासा. जागाच नसेल तर पेज फाइल वाढणार कुठे?

एवढं करूनही पहिला आकडा रोज काठाला लागत असेल तर मात्र तुमच्या कामाला खरोखर जास्त रॅम लागते. तेव्हा घ्या.

क्रोमचा `Memory Saver` चालू केला तर मागे पडून राहिलेले टॅब मेमरी सोडतात, याने संगणकावरचा ताण कमी होतो. समोर उघडलेल्या टॅबला त्याचा उपयोग नाही. मागच्या टॅबवर परत गेल्यावर पान नव्याने लोड होताना दिसतं, तो बिघाड समजू नका.

### एका क्लिकवर पडत असेल तर

मागणीचे तुकडे करा. वर्षाऐवजी महिना, पडद्यावरच्या अहवालाऐवजी सीएसव्ही डाउनलोड. एका महिन्याला चालतं आणि तीन महिन्यांना पडतं, असा नेमका उंबरठा सापडला तर तो साइटवाल्यांना कळवा, त्यांना शोधायला सोपं जातं.

## टप्पा ६: खरंच सुटलं का

टॅब उघडला आणि लगेच पडला नाही, म्हणजे काम झालं असं नाही. तो जितक्या वेळाने पडायचा त्याच्या दीडपट वेळ त्याला चालू द्या आणि `live` आकडा लिहीत राहा. आकडा वर-खाली होणं ठीक आहे, कारण ब्राउझर अधूनमधून झाडलोट करतो. बघायचं ते झाडलोटीनंतरचं तळाचं मोजमाप. तळ दर वेळी थोडा वर सरकत असेल तर गळती उरली आहे, फक्त मंद झाली आहे.

पॅकहाउसमध्ये ‘मागचा एक तास’ निवडून टॅब सकाळी ८ ते रात्री ११ असा १५ तास चालू ठेवला. रात्रीचा शेवटचा आकडा १६१ एमबी होता. रॅमचा भाव काढलेला कागद मालकांच्या टेबलावर अजून तसाच आहे.